वेलांटी ऐकू येत नाही
श्राव्य लेखनातील समोच्चारी शब्द आणि कानासाठी घडवायची कोटी

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी वृत्तपत्रांतून एक कोटी हमखास वाचायला मिळते. ‘मराठी भाषा दिन की दीन?’ छापलेल्या ओळीत तिचा अर्थ लगेच लागतो. पहिल्या शब्दाला पहिली वेलांटी आहे, दुसऱ्याला दुसरी. डोळा दोन्ही वेलांट्या पाहतो, दिवस आणि दैन्य यांतला फरक ओळखतो आणि वाचक हसतो किंवा हळहळतो. हीच ओळ निवेदकाने ध्वनिक्षेपकासमोर वाचली की श्रोत्याला ऐकू येते, ‘मराठी भाषा दीन की दीन?’ त्याला वाटते, निवेदक अडखळला असावा. पुढचे वाक्य सुरू झालेले असते, मागे जाऊन पाहण्याची सोय नसते आणि कोटी वाया जाते. त्याहून वाईट म्हणजे ती काय होती याचा विचार करण्यात श्रोत्याची पुढची दोन वाक्येही निसटतात.

आकाशवाणीच्या श्रुतिका, वृत्तपत्रीय सदरांची अभिवाचने, विनोदी लेखांची श्राव्य पुस्तके आणि गावोगावची सूत्रसंचालने या सर्व ठिकाणी हा प्रश्न येतो. लेख छापण्यासाठी लिहिलेला असतो आणि नंतर तो जसाच्या तसा वाचला जातो. मराठीची लिपी उच्चारानुसारी आहे, ‘लिहितो तसेच बोलतो’, ही समजूत या चुकीच्या मुळाशी आहे. बहुतांशी ती खरी असली तरी शाब्दिक विनोद नेमका त्या उरलेल्या भागात राहतो, जिथे लिहिणे आणि बोलणे यांची फारकत झालेली असते.

अक्षर वेगळे, आवाज एक

‘दिन’ आणि ‘दीन’ यांची गोष्ट पाहण्यासारखी आहे. मराठी बोलणारा माणूस अकारान्त शब्दातील शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार किंवा उकार स्वाभाविकपणे लांबवतो. गरीब, वकील, फूल, मूल हे शब्द म्हणून पाहिले तर हे लक्षात येईल. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ही सवय मान्य केली आणि मराठी शब्दांतील असे उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावेत असे ठरवले. मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळ रूपातच लिहिण्याची सवलत कायम राहिली. त्यामुळे ‘दिन’, ‘विष’, ‘गुण’, ‘सुत’ हे शब्द ऱ्हस्व लिहिले जातात आणि उच्चारले जातात मात्र दीर्घ. दिवस या अर्थाचा ‘दिन’ तोंडातून बाहेर पडतो तो ‘दीन’ होऊनच. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, शिर म्हणजे डोके आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, सुर म्हणजे देव आणि सूर म्हणजे स्वर, या जोड्यांचे तेच होते. निवेदकाने मुद्दाम तोडून ‘दिन्’ असे आखूड म्हटले तर ते हिंदी वाटते. तेव्हा हा दोष निवेदकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. मजकूरच कानासाठी लिहिलेला नसतो.

याच जातीत विरामचिन्हांवर उभ्या असलेल्या कोट्या येतात. ‘(अ)विश्वास’ असे छापले की वाचकाला दोन्ही शब्द एकाच वेळी दिसतात. आवाजाला कंस नाही. ‘अ’ म्हणायचा किंवा गाळायचा, तिसरा मार्ग नाही. ‘सह-कार’ मधली आडवी रेघ, अवतरणचिन्हातला ‘विकास’, अर्धवट तोडून दुसऱ्या ओळीवर टाकलेला शब्द, या साऱ्या गोष्टी पानावरच्या आहेत. काही सूत्रसंचालक दोन बोटे हवेत वाकवून अवतरणचिन्हे दाखवतात. सभागृहात पहिल्या चार रांगांना ती दिसतात. आकाशवाणीवर तेवढीही सोय नाही.

अक्षर एक, आवाज वेगळा

याच्या उलट प्रकार अधिक फसवा आहे, कारण तो लिहिणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. मराठीत च, ज आणि झ या अक्षरांचे दोन उच्चार आहेत, तालव्य आणि दंततालव्य. लिहिताना अक्षर एकच. ‘जरा थांब’ मधला ज दातांजवळचा आहे. म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’ मधला ज, ‘जीवन’ मधल्या ज सारखा, टाळूचा आहे. ‘चार आंबे’ मधला च टाळूचा, तर ‘गाईला गवत चार’ मधला दातांजवळचा. अवघी दुनिया या अर्थाचे ‘जग’ आणि पाण्याचा ‘जग’ यांचेही तसेच. ‘जगभर पाणी’ असा मथळा छापला तर तो समुद्राविषयी आहे की टेबलावरच्या भांड्याविषयी हे वाचकाला क्षणभर कळत नाही आणि त्यातच गंमत असते. वाचणाऱ्याला मात्र तोंड उघडण्यापूर्वीच निर्णय घ्यावा लागतो. त्याने एक ज निवडला की दुसरा अर्थ मेला.

जोडाक्षरांतही असा एक सापळा आहे. ‘पुण्यात’ हे रूप पुणे शहराचे आहे तसेच पुण्याईचेही आहे. ‘पुण्याचे काम’ ही वृत्तपत्रांची आवडती कोटी त्यावरच उभी आहे. परंतु शहराचे ‘पुण्यात’ म्हणताना ‘पु’ वर आघात येत नाही आणि पुण्यकर्माचे ‘पुण्यात’ म्हणताना तो येतो, ण काहीसा दुहेरी ऐकू येतो. पानावर एकरूप असलेले शब्द आवाजात वेगळे होतात. हाच फरक र च्या बाबतीत लिपीने टिपून ठेवला आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. डोळ्याला रफार आणि ऱ्य यांतला भेद स्वच्छ दिसतो. कानाला मात्र तो केवळ आघातावरून ओळखावा लागतो आणि घाईने वाचणाऱ्या निवेदकाच्या तोंडी तो सहज पुसला जातो. ‘समारंभानंतर आचाऱ्यांना मानधन देण्यात आले’ हे वाक्य ऐकून व्याख्यात्याला पैसे मिळाले असे समजणारे श्रोते निघतात. तेथे ‘स्वयंपाक करणाऱ्यांना’ असे लिहिणे हाच उपाय.

कोटी नको असताना होणारी कोटी

विनोद फसला तर फार तर हसू येत नाही. बातमीत मात्र नको त्या जागी झालेला श्लेष माणसाला दुखावतो किंवा चुकीची माहिती देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर परिसरात महापूर आला. ‘कोल्हापुरातील पुरात अडकलेल्या कुटुंबांना’ ही शब्दरचना व्याकरणाने निर्दोष आहे आणि छापून आली तर कोणाला खटकणार नाही. मोठ्याने म्हटली की ‘पुरात’ दोनदा येते. एकदा शहराच्या नावाचा भाग म्हणून, एकदा संकट म्हणून. ऐकणाऱ्याला ती यमक जुळवल्यासारखी वाटते, आणि ज्याचे घर पाण्यात आहे त्याला असे यमक सोसत नाही. पंढरपूर, सोलापूर अशा साऱ्या नावांना हा धोका आहे. येथे ‘पूर’ हा शब्दच टाळून ‘कोल्हापुरात पाण्याने वेढलेल्या घरांतील कुटुंबांना’ असे म्हणता येते, किंवा नदीचे नाव घेऊन ‘पंचगंगेचे पाणी घरात शिरल्याने’ असे म्हणता येते. पहिल्यापेक्षा दुसरे वाक्य अधिक माहितीही देते.

संख्यांमध्ये ‘सात’ आणि ‘साठ’ ही जोडी सर्वांत घातक म्हणावी लागेल. हे शब्द एकसारखे नाहीत, पण शेवटच्या व्यंजनाखेरीज त्यांत काहीही वेगळे नाही आणि खरखरणाऱ्या संचावर किंवा वाऱ्यावरच्या ध्वनिवर्धकावर पहिले बळी जाते ते शेवटचे व्यंजनच. ‘साठ जण अडकले’ हे ‘सात जण अडकले’ असे ऐकू आले तर तो विनोद नव्हे. आवाज चढवल्याने फारसे साधत नाही. संख्येला आधार देणारी दुसरी संख्या जवळ ठेवली तर साधते. ‘चाळीस पुरुष आणि वीस महिला असे एकूण साठ जण’ असे म्हटले की श्रोता बेरीज करून स्वतःच खात्री करून घेतो.

‘मत’ या शब्दाचा प्रश्न आणखी निराळा आहे. अभिप्राय आणि निवडणुकीतले मत हे दोन्ही नपुंसकलिंगी आहेत, दोन्हींची रूपे सारखीच चालतात. ‘सदस्यांनी आपले मत नोंदवले’ या वाक्यात सदस्य बोलले की त्यांनी मतदान केले हे डोळ्यालाही कळत नाही. वाचक निदान मागच्या परिच्छेदाकडे वळून पाहतो. श्रोत्यासाठी ‘मतदान केले’ किंवा ‘अभिप्राय दिला’ यांपैकी एक निवडावेच लागते.

लिंग फोडते गुपित

आता कानावर चालणाऱ्या कोटीकडे. अक्षरही एक आणि उच्चारही एक, अशा शब्दांचा मराठीत तोटा नाही. हार, मान, माळ, नाव, वर, कर. यांचा उपयोग श्रोत्यासाठी निर्वेधपणे करता येईल असे वाटते. पण येथे मराठीचे व्याकरण आडवे येते. नामाच्या मागचे विशेषण आणि पुढचे क्रियापद नामाचे लिंग सांगून टाकतात. ‘त्याची नाव बुडाली’ म्हटले की होडी, ‘त्याचे नाव बुडाले’ म्हटले की अब्रू. ‘त्याची मान’ म्हणजे शरीराचा भाग, ‘त्याचा मान’ म्हणजे आदर. सामान्यरूप तर त्याहून निर्दय. नावात आणि नावेत, मानात आणि मानेत यांत गोंधळाला जागाच नाही.

छापील मथळ्याला ही अडचण येत नाही, कारण मथळ्यात क्रियापद नसते. ‘उमेदवाराच्या गळ्यात हार’ असे छापले की तो फुलांचा की पराभवाचा हे वाचकाने ठरवायचे. बोलताना आपण क्रियापद गाळत नाही. ‘पडला’ किंवा ‘पडली’ म्हणावेच लागते आणि म्हणताक्षणी एक अर्थ गळून पडतो. मथळ्यातली कोटी निवेदनात आणताना ती फिकी पडते ती यामुळे.

गंमत अशी, की हाच अडथळा कानाच्या कोटीला किल्ली म्हणून वापरता येतो. ‘विजयी उमेदवाराच्या वाट्याला हार आला आणि पराभूताच्या वाट्याला हार आली.’ हे वाक्य छापून फारसे चमकदार दिसत नाही. मोठ्याने वाचून पाहावे. ‘हार’ दोनदा अगदी एकसारखा उच्चारला जातो आणि अर्थ बदलतो तो शेवटच्या आ-ई ने. श्रोत्याला कोडे आणि उत्तर दोन्ही कानावाटेच मिळतात. त्यासाठी त्याला कसलीही वेलांटी पाहावी लागत नाही.

‘वर’ हा शब्द त्या मानाने सुखी आहे. नवरदेव आणि आशीर्वादाचा वर दोन्ही पुल्लिंगी, आणि दिशा दाखवणाऱ्या ‘वर’ ला लिंगच नाही. ‘शेजारच्या मुलीला वर मिळाला’ अशी बातमी एकाने आणावी आणि घराच्या शोधात असलेल्या दुसऱ्याने ‘कितव्या मजल्यावर?’ म्हणून विचारावे. दोन माणसे, दोन गरजा, एक शब्द. कानाच्या विनोदाचा हा सर्वांत खात्रीचा साचा आहे. यात कोटी लेखक करत नाही. पात्र गैरसमज करून घेते आणि श्रोता त्याच्या आधी एक पाऊल असतो.

एका परिच्छेदाचे रूपांतर

छापील सदरात शोभेल असा एक परिच्छेद नमुन्यादाखल घेऊन हे काम करून पाहता येईल. समजा, भाषा दिनाच्या समारंभावर कोणी असे लिहिले आहे:

‘मराठी भाषा दिन की दीन? सभागृहात काल वक्त्यांचे (अ)भाषण रंगले. व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना अध्यक्षांना जरा त्रास देत होती. कार्यक्रमाला लाभलेला ‘सह-कार’ बाहेर रांगेत उभा होता. शेवटी वक्त्यांना हार, भाषेलाही हार.’

पाच वाक्ये, पाच कोट्या. वाचकाला कदाचित एखादी जास्तच वाटेल. श्रोत्याला मात्र यांतली शेवटची सोडली तर एकही धड पोहोचत नाही, आणि शेवटची पोहोचेपर्यंत तो कंटाळलेला असतो. सलग पाच कोट्या कानाला पेलत नाहीत. एक कोटी लागली की श्रोत्याला हसायला आणि हसून झाल्यावर पुन्हा ऐकू लागायला वेळ द्यावा लागतो. तेव्हा पहिले काम म्हणजे पाचांतल्या दोन-तीनच ठेवणे.

‘(अ)भाषण’ टाकून द्यावे. त्यात सांगायचे एवढेच आहे, की वक्ते पुष्कळ बोलले आणि त्यांनी काही सांगितले नाही. हे तसेच म्हटले तरी पुरेसे बोचते. ‘वक्ते तासभर बोलले. काय बोलले, ते त्यांनाही विचारून झाले.’ शब्दाची कसरत गेली, टोला राहिला.

अध्यक्षांच्या पायऱ्यांचे वाक्य कागदावर खरोखर चतुर आहे. वाचक ‘जरा त्रास’ असे वाचत जातो, ‘देत होती’ वर ठेचकाळतो, मागे येतो आणि मग त्याला ‘जरा’ म्हणजे म्हातारपण हे उमगते. सारी मजा त्या मागे येण्यात आहे आणि श्रोत्याला मागे येता येत नाही. निवेदकाने दातांजवळचा ज उच्चारला तर ‘देत होती’ हे व्याकरणाची चूक वाटते. टाळूचा उच्चारला तर ठेच लागण्याआधीच गुपित फुटते, शिवाय हा शब्द कित्येकांना माहीतही नसतो. ही कोटी वाचवता येत नाही. प्रसंग मात्र वाचवता येतो. अध्यक्ष पायरीशी थांबून म्हणतात, ‘जरा हात देता का?’ कार्यकर्ता उत्साहाने म्हणतो, ‘जरा कशाला साहेब, दोन्ही देतो!’ ही कोटी मूळच्या कोटीपेक्षा साधी आहे. पण येथे ‘जरा’ एकाच अर्थाने, एकाच उच्चाराने येतो, आणि अध्यक्षांचे वय एकही जड शब्द न वापरता कळते.

‘सह-कार’ मधली रेघ आवाजात आणायची तर शब्द कालक्रमाने फोडावा लागतो. ‘सहकाराबद्दल सर्वांचे आभार मानण्यात आले. सहकारातला सह काही कुठे दिसला नाही. कार मात्र दाराशी उभी होती.’ पहिल्या वाक्यात अखंड शब्द कानात बसतो, दुसऱ्यात त्याचा पहिला तुकडा वेगळा होतो आणि तिसरा तुकडा कळीचा शब्द घेऊन येतो. मूळ वाक्यात आणखी एक खोट होती. सहकार पुल्लिंगी असल्याने ‘उभा होता’ लिहावे लागले होते आणि मोटार उभी असते, उभा नसतो. डोळा हे माफ करतो, कान करत नाही. तोडलेल्या रचनेत ‘कार उभी होती’ हे आपोआप जुळते.

आता मुख्य प्रश्न, दिन आणि दीन. आवाजात फरक नाही म्हणजे फरक शब्दांत सांगावा लागणार, आणि विनोदाचे स्पष्टीकरण दिले की तो मरतो हे सर्वांना ठाऊक आहे. यातून वाट अशी निघते, की स्पष्टीकरण देणे हेच ज्याचे काम आहे अशा माणसाच्या तोंडी ते द्यावे. शाळेतला शुद्धलेखनाचा तास त्यासाठी अगदी सोयीचा.

गुरुजी : हं, लिही बंडू. मराठी भाषा दिन.
बंडू : लिहिलं, गुरुजी.
गुरुजी : अरे, दिनाला दुसरी वेलांटी का दिलीस? पहिली दे. पहिली वेलांटी म्हणजे दिवस. दुसरी दिलीस तर दीन होतो. दीन म्हणजे गरीब बिचारा.
बंडू : मग असू दे की, गुरुजी.
गुरुजी : असू दे कसं? वर्गातल्या बाकीच्या मुलांनी काय लिहिलंय बघ.
बंडू : बाकीची कुठली, गुरुजी? वर्गात मी एकटाच आहे.

कागदावर पाच शब्दांत संपणारी कोटी येथे सहा संवादांची झाली. हा खर्च टळत नाही. पण त्याच्या बदल्यात छापील ओळीत नसलेले काही हाती येते. मराठी शाळेत उरलेला एकुलता एक विद्यार्थी श्रोत्याला दिसतो, आणि ‘दीन’ हा शब्द शेवटच्या वाक्यात न उच्चारताच मनात वाजतो. क्रमही ध्यानात घ्यावा. दोन्ही अर्थ गुरुजींच्या तोंडून शेवटच्या वाक्याच्या आधी सांगून झालेले आहेत. बंडूने आधी उत्तर दिले असते आणि गुरुजींनी नंतर वेलांट्या समजावल्या असत्या, तर तो विनोद न होता व्याकरणाचा धडा झाला असता. या रचनेला एक मर्यादा आहे. पहिली आणि दुसरी वेलांटी हे शब्द मराठी शाळेत शिकलेल्यांचे आहेत. परदेशात वाढलेल्या आणि मराठी केवळ बोलता येणाऱ्या मुलांपुढे हा प्रवेश करायचा असेल तर ही कोटी सोडून देऊन रिकाम्या वर्गावरच भर द्यावा.

शेवटच्या ‘हार’ ला फक्त क्रियापद मिळायला हवे. ‘वक्त्यांच्या वाट्याला हार आला. भाषेच्या वाट्याला आली.’ दुसऱ्या वाक्यात ‘हार’ हा शब्द पुन्हा न घेता केवळ ‘आली’ वर थांबण्याचा मोह होतो आणि समोर बसलेल्या श्रोत्यांपुढे तो यशस्वीही ठरू शकतो. निवेदकाचा चेहरा, त्याचे थांबणे मदतीला असते. प्रक्षेपणात मात्र ‘काय आली?’ असा प्रश्न उरण्याची भीती आहे. तेथे ‘भाषेच्या वाट्याला हार आली’ असे पूर्ण म्हणणे अधिक खात्रीचे. दोन्ही बाबतींत ‘आली’ हा वाक्यातला शेवटचा शब्द हवा आणि त्यानंतर निदान एका श्वासाची शांतता हवी. ‘हार आली असे म्हणावे लागेल’ अशी शेपटी जोडली की किल्ली कुलपातच अडकते.

सर्वच शब्दांची खात्री मात्र सर्वत्र सारखी नसते. ‘मनावर मणाचे ओझे’ ही कोटी न आणि ण यांच्या फरकावर उभी आहे. प्रमाण बोलीत तो फरक स्पष्ट ऐकू येतो, पण मराठीच्या अनेक बोलींत ण चा न होतो आणि तेथील श्रोत्याला ‘मनावर मनाचे ओझे’ असे ऐकू येऊन ते उगाच तत्त्वज्ञान वाटू लागते. याउलट ‘कर्नाटक’ आणि ‘कर नाटक’ ही जोडी जवळपास सगळीकडे चालते, कारण तिथे शब्द फोडायला केवळ एक लहानसा थांबा पुरतो. ‘कोटी’ या शब्दाचेच उदाहरण घेतले तर पैशांच्या ‘तीन कोटी’ आणि विनोदाच्या ‘तीन कोट्या’ अनेकवचनात वेगळ्या होतात. पु. ल. देशपांडे यांना लाडाने ‘कोट्याधीश’ म्हटले जाते तेव्हा संस्कृत संधीने होणाऱ्या ‘कोट्यधीश’ मध्ये एक काना वाढलेला असतो. हा काना वेलांटीसारखा मुका नाही, तो ऐकू येतो. आकाशवाणी आणि रंगमंच या दोन्ही ठिकाणी वावरलेल्या लेखकाला मिळालेली ही पदवी कानावरही चालते हा योगायोग असेलही.

लिहिलेला मजकूर कानाला चालेल का हे ओळखण्याची एक जुनी रीत आहे आणि ती म्हणजे शुतलेखन, म्हणजेच ऐकून लिहिणे. मजकूर ज्याने आधी पाहिलेला नाही अशा एका माणसाला कागद-पेन देऊन बसवावे. वाचणाऱ्याने नेहमीच्या गतीने, मजकूर न दाखवता, एकदाच वाचावे आणि ऐकणाऱ्याने संशयाचे शब्द टिपून घ्यावेत. त्याच्या कागदावर ‘दीन की दीन’ असे उमटले किंवा ‘साठ’ च्या जागी ‘सात’ आले, तर त्या जागेवर खूण करून ते वाक्य नव्याने लिहावे. आणखी एक लक्षण त्याच्या कागदावर दिसत नाही, ते त्याच्याकडे पाहून टिपावे लागते. कोटीच्या जागी तो हसला नाही आणि त्यानंतरच्या वाक्यातला एखादा साधा शब्दही त्याच्याकडून सुटला, तर तो मागेच अडकलेला आहे असे समजावे. अशा वेळी सुटलेला शब्द नव्हे, त्याच्या आधीचे वाक्य दुरुस्त करायचे असते.